मोबाइलवरील तारकाछायाचित्रण

मोबाइल फोनच्या कॅमेऱ्याने आकाशगंगेचे किंवा ताऱ्यांच्या फिरण्याने उमटणाऱ्या रेषांचे (स्टार ट्रेल) छायाचित्र घेण्याची पद्धत. शटर किती वेळ उघडे ठेवता येईल, ही मर्यादा यात पृथ्वीचे परिवलन ठरवते. आकाशगंगेसाठी ती मर्यादा पाळावी लागते, स्टार ट्रेलसाठी तीच गती चित्राचा विषय होते.

पृथ्वी ताऱ्यांच्या संदर्भात २३ तास ५६ मिनिटांत एक फेरी पूर्ण करते. त्यामुळे आकाश तासाला सुमारे १५ अंश, म्हणजे सेकंदाला १५ विकला सरकते (एका अंशात ३,६०० विकला असतात). फोनच्या मुख्य कॅमेऱ्याच्या भिंगाचे नाभीय अंतर ३५ मिमी फिल्मच्या मापात साधारण २६ मिमी भरते. १२ मेगापिक्सेलच्या चित्रात मध्यभागी एक पिक्सेल सुमारे ७० विकला आकाश व्यापतो. म्हणजे खगोलीय विषुववृत्तावरचा, पृथ्वीच्या विषुववृत्ताच्या थेट वरचा तारा, उदाहरणार्थ मृगाच्या पोटातला बाण, पावणेपाच सेकंदांत एक पिक्सेल ओलांडतो. १५ सेकंदांत तो तीन पिक्सेल लांबतो आणि ३० सेकंदांत सहाहून अधिक. तीन पिक्सेलची लांबी फोनच्या पडद्यावर दिसत नाही, सहाची मात्र लगेच खुपते. छायाचित्रकारांचा जुना ‘५०० चा नियम’ (५०० भागिले नाभीय अंतर) येथे १९ सेकंद देतो. तो फिल्मच्या काळचा, त्यामुळे थोडा सैल आहे. फोनवर १० ते १५ सेकंद धरावेत. तिप्पट झूमच्या भिंगाला हा वेळ एक-तृतीयांश होतो, म्हणून आकाशासाठी ते वापरू नये.

सगळे तारे सारख्या वेगाने सरकत नाहीत. ध्रुवतारा जवळपास स्थिर राहतो. आकाशगंगेचा सर्वांत तेजस्वी भाग धनू राशीत, खगोलीय विषुववृत्ताच्या २९ अंश दक्षिणेला आहे. तेथे वेग सेकंदाला १३ विकला भरतो, म्हणून थोडी सवलत मिळते.

मर्यादेपलीकडे एक्सपोजर, म्हणजे शटर उघडे ठेवण्याचा वेळ, वाढवून मंद तारे अधिक उजळ होतील, हा समज चुकीचा आहे. तारा पुढच्या पिक्सेलवर गेला की मागच्या पिक्सेलला त्याचा प्रकाश मिळणे थांबते. आकाशाची पार्श्वभूमी मात्र उजळतच राहते आणि तारा तिच्यात बुडतो. खरा उपाय म्हणजे अनेक छोटे एक्सपोजर घेऊन तारे एकमेकांवर जुळवणे. अशा १६ चित्रांची सरासरी काढली की दाणेदारपणा सुमारे एक-चतुर्थांश उरतो. गूगलच्या पिक्सेल फोनमधील खगोल-छायाचित्रण सुविधा (२०१९) हेच करते: १६ सेकंदांपर्यंतची १५ चित्रे, एकूण चार मिनिटे. तेवढ्या वेळात आकाश एक अंश फिरते, म्हणून सॉफ्टवेअर आकाश आणि जमीन वेगवेगळे हाताळते.

स्टार ट्रेलसाठी ही सुविधा उपयोगाची नाही, कारण ती रेषाच पुसून टाकते. तेथे शटरचा वेळ स्वतः ठरवू देणाऱ्या प्रो मोडमध्ये १५ सेकंदांची चित्रे सलग घ्यावीत. तासाभरात जवळपास २४० होतात. ‘लाइटन’ पद्धतीने जोडताना प्रत्येक ठिकाणचा सर्वांत उजळ पिक्सेल ठेवला जातो आणि १५ अंशांचा कंस तयार होतो. दोन चित्रांमध्ये फोन प्रक्रियेसाठी दहा सेकंद थांबला तर दोन पिक्सेलची फट पडते आणि रेष तुटक दिसते. सगळे रात्र-मोड आणि आपोआप सुधारणा बंद ठेवण्याचे कारण हेच.

चित्र बिघडले तर ते मोठे करून पाहावे. तारे ध्रुवाभोवतीच्या वर्तुळांच्या दिशेने लांबलेले आणि ध्रुवाजवळचे टिपक्यासारखेच असतील, तर एक्सपोजर जास्त झाले आहे. सगळे तारे एकाच दिशेने, एकाच आकारात वाकडे आणि झाडांच्या कडाही दुहेरी असतील, तर ट्रायपॉड हलला. तारे गोल पण फुगलेले असतील, तर फोकस चुकला. बऱ्याच फोनवर स्लायडर अगदी टोकाला नेला की अनंत अंतराच्याही पुढे जातो, म्हणून तेजस्वी ताऱ्यावर पाहून तो थोडा मागे आणावा.

महाराष्ट्रात पेंच व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी २०२४ मध्ये भारतातील पहिले ‘डार्क स्काय पार्क’ म्हणून मान्यता मिळाली. तेथे ध्रुवतारा क्षितिजापासून जेमतेम २१ अंशांवर असतो, म्हणून उत्तरेकडे तोंड करून घेतलेल्या चित्रात त्याच्याभोवतीची पूर्ण वर्तुळे लहानच मिळतात. बाकीची जमिनीत बुडतात. धनू राशीतला भाग दक्षिणेला सुमारे ४० अंशांपर्यंत चढतो: मार्चमध्ये पहाटे, मेच्या मध्यास रात्री दोनच्या सुमारास. जूननंतर तो रात्री सोयीच्या वेळी येतो, पण तेव्हा ढग असतात. पावसानंतर ऑक्टोबरमध्ये अंधार पडताच नैऋत्येला तो पुन्हा मिळतो, आणि चंद्र नसलेल्या रात्री मावळण्याआधी त्यासाठी दोन-तीन तास हाती असतात.