वरिष्ठाच्या पदाचे काम, पगार मात्र स्वतःच्या पदाचा: फरक मागता येतो का?

केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांपुरते सांगायचे तर मागता येतो, पण काम केले एवढ्यावर मिळत नाही. मूलभूत नियम 49, म्हणजे एफआर 49, पहिल्यांदा विचारतो तो वरच्या पदाचा कार्यभार देणारा आदेश. राज्य कर्मचाऱ्यांना महाराष्ट्र नागरी सेवा (वेतन) नियम, 1981 लागू आहेत, त्यामुळे त्यांनी अर्जात एफआर 49 लिहू नये. चुकीचा नियम दिसला की अर्ज परत करायला कार्यालयाला आयते निमित्त मिळते.

बहुतेक अर्ज आदेशातल्या दोन-तीन शब्दांवर फेटाळले जातात. वरच्या पदावर रीतसर नेमून 'फुल चार्ज' म्हणजे पूर्ण कार्यभार दिला असेल, पद त्याच कार्यालयात आणि तुमच्याच बढतीच्या साखळीतले असेल, तर त्या पदावर स्थानापन्न नेमणूक झाली असती तर जे वेतन बसले असते ते मिळते. सक्षम अधिकारी ते एफआर 35 खाली कमी करू शकतो. आदेशात 'करंट ड्युटीज' किंवा नुसते दैनंदिन कामकाज पाहावे असे असेल, तर कितीही महिने गेले तरी या नियमाखाली जादा वेतन नाही. पद दुसऱ्या कार्यालयातले किंवा वेगळ्या संवर्गातले असेल तर हिशोब वेगळा असतो आणि तिथे 45 दिवसांहून जास्त कार्यभार लागतो. ही 45 दिवसांची अट उगाच सगळीकडे लावली जाते.

सही कोणाची आहे तेही पाहा. वरच्या पदावर नेमणूक करण्याचा अधिकार ज्याला आहे त्याचाच आदेश चालतो. कार्यालयप्रमुखाने सोयीसाठी काढलेले कार्यालयीन टिपण 'अंतर्गत व्यवस्था' म्हणून बाजूला सारले जाते.

आणि पुष्कळांकडे तेही नसते, कारण 'उद्यापासून तुम्हीच बघा' असे तोंडी सांगितलेले असते. अशा वेळी काम चालू असतानाच, कार्यभार कोणत्या तारखेपासून व कोणाच्या सांगण्यावरून घेतला हे लिहून लेखी आदेश मागावा आणि पोच घ्यावी. नंतर जमवायचे कागद म्हणजे कार्यभार हस्तांतरण अहवाल, त्या पदाच्या अधिकारात सही केलेली मंजुरीपत्रे आणि पद त्या काळात रिक्त होते याचा पुरावा. टिपण्यांच्या प्रती माहिती अधिकारात मागता येतात. नुसत्या हजेरीपटावरून तुम्ही कार्यालयात होता एवढेच ठरते.

अर्जात रक्कम मांडा. समजा मूळ पद स्तर 6 मधले, मूळ वेतन 39,900 रुपये आणि वरचे पद स्तर 7 चे. बढतीच्या वेतननिश्चितीप्रमाणे आधी स्तर 6 मध्ये एक वेतनवाढ धरायची, म्हणजे 41,100. स्तर 7 सुरूच 44,900 पासून होतो, म्हणून वेतन 44,900. फरक महिन्याला 5,000, अकरा महिन्यांचा 55,000, शिवाय त्यावरचा महागाई भत्ता. एफआर 35 खाली कपात झाली तर आकडा उतरेल.

'जादा वेतन मागणार नाही' असे आधी लिहून घेतलेले असले तरी हातपाय गाळू नका. चंदीगडच्या हरी ओम शर्मा प्रकरणात (1998) सर्वोच्च न्यायालयाने असे हमीपत्र सार्वजनिक धोरणाविरुद्ध ठरवले. मात्र तिथे तात्पुरती का होईना, बढती दिलेली होती. अंदमानच्या सेल्वराज या शिक्षकाला त्याच वर्षी वरच्या पदाचा फरक मिळाला, कारण वेतन त्या पदावर काढले जाईल असे आदेशातच होते. उलट गोव्याच्या रमाकांत अडवलपालकर प्रकरणात (1991) न्यायालयाने सांगितले की वरच्या पदाची कामे करायला लावणे म्हणजे बढती नव्हे. अशाला त्या पदाचा पगार नाही, फार तर कार्यभार भत्ता. अर्जात फक्त पहिले दोन निकाल जोडणाऱ्यांना उत्तरात हा तिसरा हमखास मिळतो, म्हणून आपला आदेश कोणत्या बाजूला बसतो ते आधीच लिहावे.

अर्ज योग्य मार्गाने, वेतन मंजूर करणाऱ्या अधिकाऱ्याकडे करावा. खरा घोळ मुदतीत होतो. प्रशासकीय न्यायाधिकरण अधिनियम, 1985 प्रमाणे अंतिम नकार मिळाल्यापासून एक वर्षात न्यायाधिकरणात जावे लागते. उत्तरच आले नाही तर अर्जापासून सहा महिने थांबायचे आणि तिथून एक वर्ष मोजायचे. पुढची स्मरणपत्रे ही मुदत वाढवत नाहीत. वर्षानुवर्षे नम्र विनंत्या पाठवणाऱ्यांचे दावे इथेच बुडतात आणि कार्यालये हे जाणून गप्प बसतात. उशीर माफ झाला तरी थकबाकी साधारण मागच्या तीन वर्षांपुरती मर्यादित होऊ शकते.

केंद्रीय कर्मचाऱ्यांसाठी केंद्रीय प्रशासकीय न्यायाधिकरण म्हणजे 'कॅट' आहे, राज्याच्यांसाठी महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरण म्हणजे 'मॅट'. जिल्हा परिषद आणि महापालिका कर्मचाऱ्यांची प्रकरणे मॅटमध्ये चालत नाहीत, त्यामुळे तिथे अर्ज टाकून मुदत घालवू नये.