ग्रीन स्क्रीनवरील चित्रणाची दुरुस्ती

हिरव्या पडद्यासमोर चित्रित केलेली व्यक्ती पडद्यापासून अलग करून तिच्यामागे दुसरे दृश्य बसवण्याच्या प्रक्रियेला कीइंग म्हणतात. पडद्यावरचा उजेड असमान असणे, पडद्याची हिरवी झाक अंगावर येणे (हिला स्पिल म्हणतात) आणि केसांच्या कडा फाटक्या निघणे, हे या चित्रणातले तीन नेहमीचे दोष होत. ते वेगवेगळे दिसतात. पण पहिला दोष घाईने दडपला की त्यातूनच बहुधा तिसरा उद्भवतो, म्हणून येथे त्यांचा एकत्र विचार केला आहे.

तंत्राच्या उगमाचे श्रेय कोणाला द्यावे याविषयी एकमत नाही. फ्रँक विल्यम्स यांनी १९१८ मध्ये फिरत्या मॅटचे, म्हणजे चित्राचा कोणता भाग ठेवायचा व कोणता काढायचा हे प्रत्येक फ्रेममध्ये दाखवणाऱ्या आकृतीचे, पेटंट घेतले, पण त्यांची पद्धत रंगाच्या फरकावर आधारलेली नव्हती. ‘द थीफ ऑफ बगदाद’ (१९४०) या चित्रपटासाठी निळा पडदा वापरणारे लॅरी बटलर यांना अनेक लेखक जनक मानतात. तथापि त्या काळच्या पद्धतीत केस, धूर यांसारख्या अर्धपारदर्शक गोष्टींभोवती निळसर रेघ राहत असे. ही अडचण पेट्रो व्लाहोस यांच्या रंगफरक पद्धतीने बऱ्याच अंशी दूर केली. ‘बेन-हर’ (१९५९) या चित्रपटाशी तिचा संबंध सामान्यतः जोडला जातो. केसांचा प्रश्न डोळ्यांपुढे ठेवला, तर आजच्या कीइंगचा आरंभ व्लाहोस यांच्यापासून धरणे अधिक सयुक्तिक वाटते, कारण संगणकावरील बहुतेक कीअर, म्हणजे कीइंग करणारी साधने, अजूनही त्यांच्याच तत्त्वावर चालतात. निळ्याऐवजी हिरवा पडदा डिजिटल कॅमेऱ्यांबरोबर रूढ झाला. त्यांच्या संवेदकावर हिरवा प्रकाश टिपणारे बिंदू सहसा लाल किंवा निळ्याच्या दुप्पट असतात, त्यामुळे हिरव्या घटकात खरखर कमी येते.

रंगफरक पद्धतीत प्रत्येक बिंदूचा हिरवा घटक त्याच्या लाल व निळ्या घटकांपैकी जो मोठा असेल त्यापेक्षा कितीने अधिक आहे, हे मोजतात. समजा, पडद्याच्या मध्यभागी लाल ०.१५, हिरवा ०.६० आणि निळा ०.२० आहे. येथे फरक ०.४० येतो. उजव्या कोपऱ्यात दिवा कमी पोहोचल्यामुळे हेच आकडे ०.०८, ०.३२ आणि ०.१२ झाले आहेत, म्हणजे फरक ०.२० आहे. मध्यभागी काळ्या केसाची एक बट एका बिंदूचा निम्मा भाग झाकते. तेथे लाल ०.१२५, हिरवा ०.३४, निळा ०.१३ असून फरक ०.२१ आहे. आता ०.४० म्हणजे ‘पूर्ण पडदा’ असे ठरवले, तर कोपरा निम्माच पारदर्शक होतो आणि नव्या दृश्यावर तेथे धुरकट डाग दिसतो. तो घालवण्यासाठी मर्यादा ०.२० वर आणली, की कोपरा स्वच्छ होतो, पण ०.२१ फरकाची बटही पडद्यात जमा होऊन नाहीशी होते. कात्रीने कापल्यासारखे डोके दिसते ते या तडजोडीमुळे. कीअरचा कोणताही एकच सरकपट्टा हा पेच सोडवू शकत नाही.

यावर उपाय म्हणजे मर्यादा जागेनुसार बदलणे. त्यासाठी क्लीन प्लेट, म्हणजे व्यक्ती नसलेल्या नुसत्या पडद्याचे चित्र, लागते. प्रत्येक बिंदूतला फरक त्याच जागच्या क्लीन प्लेटमधील फरकाने भागतात. खालील सूत्रात A म्हणजे अपारदर्शकता, R, G, B म्हणजे लाल, हिरवा व निळा घटक, आणि शून्य जोडलेली अक्षरे क्लीन प्लेटची आहेत.

```
A = 1 - (G - max(R,B)) / (G0 - max(R0,B0))
```

कोपऱ्यात ०.२० भागिले ०.२० केल्यावर अपारदर्शकता शून्य येते. बटेसाठी ०.२१ भागिले ०.४० केल्यावर ती सुमारे ०.४७ येते, म्हणजे खऱ्या निम्म्याच्या अगदी जवळ. दोन्ही प्रश्न एकाच वेळी सुटतात. पुढे मूळ चित्रातून क्लीन प्लेटचा उरलेला हिस्सा, येथे ०.५३ पट, वजा केला, की बटेतला हिरवा ०.३४ वरून ०.०२ च्या आसपास उतरतो आणि केस काळा दिसू लागतो. ही वजाबाकी प्रकाशाच्या रेषीय मूल्यांवर करावी. गॅमा लावलेल्या आकड्यांवर केल्यास कडा बदलतात.

रिकाम्या पडद्याचे चित्रण घेऊन ठेवले नसेल आणि कॅमेरा स्थिर असेल, तर निरनिराळ्या फ्रेममधले उघडे भाग जोडून क्लीन प्लेट तयार होते. तेही शक्य नसेल, तर व्यक्तीभोवतीचा निर्विवाद हिरवा भाग निवडून त्याचा रंग धूसर करत आतल्या बाजूस पसरवतात. न्यूक या दृश्ये जोडण्याच्या संगणक प्रणालीतील IBKColour हे साधन हे काम याच रीतीने करते. निवडीत केसांचे काळे टोक शिरले, तर त्या जागची क्लीन प्लेट काळवंडते आणि केसांभोवती डाग पडतो. तो दिसताच मॅट नव्हे, क्लीन प्लेट आधी तपासावी.

अपारदर्शक भागावरची झाक वजाबाकीने जात नाही, कारण तेथे मॅटच्या दृष्टीने पडदा दिसतच नाही. तिच्यासाठी हिरव्या घटकाला कमाल मर्यादा घालतात. ही मर्यादा लाल व निळ्याची सरासरी असावी की त्यांतील मोठा, याबाबत दोन मते आहेत. गालावर ०.५०, ०.४६, ०.२८ असे घटक असतील, तर मोठ्याच्या नियमाने काहीच बदलत नाही आणि त्वचा पिवळटहिरवी राहते. सरासरीच्या नियमाने हिरवा ०.३९ वर येतो व त्वचा सुधारते. मात्र हाच नियम पिवळ्या कपड्याला नारिंगी करतो, त्यामुळे असा भाग वेगळ्या मास्कने वगळावा लागतो. काढलेल्या हिरव्याइतका उजेड नव्या पार्श्वभूमीच्या धूसर रंगाने परत भरला, तर कडा काळपट पडत नाहीत. बहुतेक वेळा हीच पायरी राहून जाते.

केसांच्या कडेबाबत खरी मर्यादा चित्रणातच असते. ४:२:० नोंदणीत चार बिंदूंना मिळून एकच रंगनोंद असते, म्हणून १९२० बाय १०८० च्या चित्रात रंग ९६० बाय ५४० इतकाच बारीक असतो आणि एका बिंदूएवढ्या केसाची मॅट पायऱ्यापायऱ्यांची येते. चित्राची एक प्रत घेऊन तिच्यातील फक्त रंग एकदोन बिंदूंनी धूसर करावा, मॅट तिच्यावरून काढावी आणि रंग मात्र मूळ चित्राचेच ठेवावेत. मॅट आत ओढून कड लपवण्याचा मार्ग सोपा वाटतो, पण त्यात केस आधी जातात. त्यापेक्षा दोन मॅट करणे इष्ट. शरीराच्या आतली भोके बुजवणारी कडक मॅट कडेपासून आत ठेवतात, आणि केसांसाठीची मऊ मॅट तिच्याबाहेर चालते. तरीही बटा हरवल्या, तर मूळ चित्र व क्लीन प्लेट यांतील फरक रंगहीन करून नव्या दृश्यात मिळवतात. काळ्या केसांसाठी हा फरक ऋण असल्यामुळे गडद दृश्यात तो उपयोगी पडत नाही. तेथे दोहोंचे गुणोत्तर काढून दृश्याला गुणणे बरे.

१९९६ मध्ये ॲल्व्ही रे स्मिथ आणि जेम्स ब्लिन यांनी दाखवले की पडद्याचा रंग माहीत असूनही एका बिंदूसाठी समीकरणे तीन आणि अज्ञाते चार असतात. त्यामुळे वरील प्रत्येक पायरी अंदाजच असते आणि तो मॅटवर तपासावा लागतो. मॅट एकटी पाहून तिचा गडद भाग चढवला, की उरलेली धूळ दिसते, आणि सलग फ्रेम चालवल्यावर कड उकळल्यासारखी हलत असेल, तर खरखर मॅटमध्ये शिरली आहे असे समजावे. अशा वेळी खरखर मॅट काढण्याच्या प्रतीतूनच काढतात, दिसणाऱ्या चित्रातून नाही.