सेवा बंद पडली तर निरोप पुन्हा कधी पाठवायचा?

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीचे सौदे झाले की अडत दुकानातला संगणक शेतकऱ्यांना एसएमएस पाठवतो: पोती किती, वजन किती, दर काय निघाला. समजा, असे ४०० निरोप रांगेत आहेत आणि एसएमएस पोचवणाऱ्या कंपनीचा सर्व्हर ४० मिनिटं बंद पडला. अशा वेळी दुकानाच्या सॉफ्टवेअरने काय करावं?

बऱ्याच ठिकाणी ‘दर १० सेकंदांनी, पाच वेळा’ असा नियम ठेवलेला असतो. हे पाच प्रयत्न मिनिटभरातच संपतात आणि चारशेच्या चारशे निरोप बाद होतात. बरं, मर्यादाच काढून टाकली तर ४० मिनिटांत ९६,००० विनंत्या जातात आणि नुकता सावरणारा सर्व्हर त्या भारानेच पुन्हा कोलमडू शकतो.

म्हणून थांबण्याचा वेळ दर वेळी दुप्पट करतात: ३० सेकंद, मग १ मिनिट, २, ४, ८. नेटवर्क क्षणभर अडखळलं असेल तर पहिल्या एक-दोन प्रयत्नांतच काम होतं. बिघाड मोठा असेल तर विनंत्या आपोआप विरळ होतात. पण दुप्पट करणं कुठेतरी थांबवावंच लागतं, नाहीतर पुढचा प्रयत्न काही तासांवर जातो. इथे १५ मिनिटं हा कमाल वेळ धरू. याचा अर्थ असा, की सर्व्हर सुरू झाल्यावर निरोप जास्तीत जास्त १५ मिनिटं अडकेल. कमाल वेळ ठरवताना मी हाच उशीर चालेल का, एवढं बघतो.

एक अडचण तरीही उरते. सगळे निरोप एकाच वेळी फसले, म्हणजे पुढच्या वेळीही ते एकदमच धडकणार. त्यासाठी प्रत्येकाच्या थांबण्यात थोडी अनियमितता घालतात. ८ मिनिटं थांबायचं असेल, तर संगणक ४ ते ८ मिनिटांमधला कुठलाही क्षण निवडतो. गर्दी चार मिनिटांत पसरते. हा भाग सर्रास विसरला जातो, आणि सर्व्हरच्या नोंदींत ठरावीक अंतराने उठणारे विनंत्यांचे सुळके दिसले की तो विसरला गेलाय हे ओळखता येतं.

आता शेवटची मर्यादा. ती प्रयत्नांच्या संख्येवर न ठेवता निरोपाच्या उपयोगावर ठेवावी, असं माझं ठाम मत आहे. दराचा निरोप त्याच दिवशी कळला तर उपयोगाचा, म्हणून सहा तास पुरेत. लॉगिनचा ओटीपी मात्र पाच मिनिटांनंतर पाठवण्यात अर्थ नाही.

अर्थात, हे सगळं तात्पुरत्या बिघाडासाठीच. सर्व्हरकडून `503`, म्हणजे ‘सध्या सेवा उपलब्ध नाही’ असं उत्तर आलं तर थांबून पुन्हा पाठवावं, आणि सोबत `Retry-After` मध्ये वेळ सांगितली असेल तर निदान तेवढं तरी थांबावं. मोबाईल नंबरच चुकीचा असेल तर एकदाही पुन्हा पाठवू नये. उत्तरच आलं नाही, तर निरोप कदाचित पोचलाही असेल. म्हणून प्रत्येकाला स्वतःचा क्रमांक द्यावा. तो क्रमांक ओळखून दुसरी प्रत टाळण्याची सोय समोरच्या सेवेत आहे का, हे आधीच विचारून घ्यावं.

सहा तास उलटलेले निरोप पुसू नयेत. नाव, नंबर आणि शेवटची त्रुटी यांसह ते वेगळ्या यादीत ठेवावेत, म्हणजे दिवाणजींना संध्याकाळी तेवढ्याच शेतकऱ्यांना फोन करता येतो.