ओ-ई-ये, ओ-ई-यो… पुढे काय? : अर्धवट आठवणाऱ्या कार्टूनगीताचा माग

प्रश्न साधारण असा येतो : "लहानपणी रविवारी सकाळी लागायचं. मोगलीतला बल्लू विमान चालवायचा. एक पोरगं विमानामागे दोरी धरून ढगांवरून घसरत जायचं. चोरांचं भलंमोठं विमान होतं, त्याला पक्ष्यासारखी चोच. गाणं ओ-ई-ये, ओ-ई-यो, मग काहीतरी मिनिट, मिनिट. जंगल बुकच्या कुठल्या भागातलं गाणं हे?"

याचं उत्तर सापडतं. पण प्रश्न जसाच्या तसा घेऊन शोधायला बसलं, तर ते कधीच सापडणार नाही. कारण यातल्या काही गोष्टी त्या मुलाने खरोखर पाहिल्या-ऐकल्या आहेत आणि काही मनाने नंतर भरल्या आहेत. सगळं कौशल्य या दोन्ही वेगळ्या करण्यात आहे.

आधी दृश्यांकडे पाहू. चार्ल्स ब्रेनर्ड आणि व्हॅलरी रेना या मानसशास्त्रज्ञांनी मांडलेल्या सिद्धांतानुसार मेंदू एका प्रसंगाचे दोन ठसे ठेवतो. एक ठसा तपशिलाचा, म्हणजे जे दिसलं ते जसंच्या तसं. दुसरा सारांशाचा, म्हणजे 'साधारण काय होतं' एवढाच. तपशिलाचा ठसा लवकर पुसट होतो, सारांशाचा टिकतो. म्हणून पंचवीस-तीस वर्षांनी आठवताना मन सारांशाच्या आधारे तपशील रचतं, आणि रचलेला तपशीलही पाहिल्याइतकाच खरा वाटतो. आमच्या प्रश्नात 'मोगलीतला', 'जंगल बुकच्या भागातलं' हे असे रचलेले तुकडे आहेत. बल्लू म्हटलं की मोगली, मोगली म्हटलं की जंगल बुक, ही साखळी मराठी घरात आपोआप जुळते. 1990च्या दशकात दूरदर्शनवर ती जपानी मालिका लागायची, तिचं हिंदी शीर्षकगीत गुलजारांनी लिहिलं होतं आणि विशाल भारद्वाजांनी संगीत दिलं होतं. ते आजही लोकांना तोंडपाठ आहे. एवढी ठळक आठवण शेजारच्या फिकट आठवणीला आपल्याकडे ओढून घेते.

याउलट विमान चालवणारं अस्वल, ढगांवरून घसरणारं पोरगं, चोच असलेलं विमान हे तुकडे कुठल्याच ठरीव साच्यात बसत नाहीत. विचित्र गोष्ट जास्त लक्षात राहते हे हेडविग फॉन रेस्टॉर्फ यांनी 1933 साली प्रयोगाने दाखवलं होतं. शोधणाऱ्याच्या दृष्टीने अशा तुकड्याला दुहेरी किंमत आहे. तो साच्यातून आलेला नसल्याने पाहिलेला असण्याची शक्यता जास्त, आणि जगात तशी कार्टून मोजकीच असल्याने तो उमेदवारांची यादी झटकन छाटतो. 'अस्वल' या खुणेवर पन्नास मालिका निघतील. 'पायलट अस्वल आणि मागे ढगांवर घसरणारं पोरगं' यावर जवळजवळ एकच उरते.

ती म्हणजे डिस्नीची 'टेलस्पिन'. अमेरिकेत 1990 साली सुरू झाली, 65 भाग झाले. आपल्याकडे 1990च्याच दशकात दूरदर्शनवर रविवारी 'डकटेल्स'सोबत लागायची. तिच्यात डिस्नीने आपल्या जुन्या जंगल बुक चित्रपटातली काही पात्रं उचलून वेगळ्याच जगात नेली. बल्लू मालवाहू विमानाचा पायलट, शेरखान सुटाबुटातला उद्योगपती. मोगली मात्र नाही. दोरी धरून ढगांवर घसरणारं पोरगं म्हणजे किट. चोचीचं विमान म्हणजे डॉन कार्नाज या हवाई लुटारूचं 'आयर्न व्हल्चर'. त्या मुलाने बल्लू पाहिला हे खरंच होतं. फक्त एकाच नावाचं अस्वल दोन मालिकांत होतं, आणि मनाने ते एका घरात आणून ठेवलं.

आता अक्षरांकडे. न कळणाऱ्या भाषेतलं गाणं मुलाच्या कानात कसं उरतं, याला ध्वनीचे नियम आहेत. गाताना सूर लांबवायचा असतो तो स्वरावर. आ, ई, ओ हवे तितके ताणता येतात. व्यंजनं सेकंदाच्या काही शतांशांत उरकतात. 'स'ची खसखस तर बहुतांशी 4,000 हर्ट्झच्या वर असते, आणि जुन्या टीव्हीचा लहानसा स्पीकर, स्वयंपाकघरातला आवाज, खोलीच्या दुसऱ्या टोकाला बसलेलं पोर, यांत सर्वांत आधी तीच हरवते. म्हणून आठवलेल्या अक्षरांपैकी स्वर, अक्षरांची संख्या आणि कुठे जोर होता हे भरवशाचं मानायचं. व्यंजनं संशयित. प-ब, त-द, स-श अशा जोड्यांत ती इकडची तिकडे झालेली असू शकतात. 

उरलेल्या आवाजाला मेंदू आपल्या ओळखीचा शब्द चिकटवतो. टेलस्पिनच्या इंग्रजी शीर्षकगीताची सुरुवात खरोखर 'ओ-ई-ये, ओ-ई-यो' अशीच होते. हे निरर्थक बोल असल्याने चुकीचं ऐकायला वावच नव्हता, ते तसेच्या तसे उरले. त्यानंतर 'स्पिन इट' येतं आणि मग ओळीमागून ओळ त्याच '-इनिट' यमकावर संपत जाते. त्यातला एकच शब्द मराठी मुलाच्या ओळखीचा आहे, 'मिनिट'. बाकीचे सगळे '-इनिट' त्याच शब्दात गोळा झाले. 'मिनिट, मिनिट' ही आठवण म्हणून चुकीची आहे, पण पुरावा म्हणून उत्तम. ती सांगते की गाण्यात एकच यमक झपाट्याने पुन्हा पुन्हा येत होतं.

पण मग नुसती अक्षरं घेऊन का शोधू नये? कारण 'ओ-ई-ये' सारखे बोल दुसरीकडेही आहेत. 1939च्या 'द विझार्ड ऑफ ऑझ' या चित्रपटात चेटकिणीच्या वाड्यावरचे पहारेकरी जवळपास असंच काहीसं घुमवत चालतात. अक्षरांवर विसंबलेला माणूस थेट तिथे जाऊन पोहोचेल.

सुरांची गोष्ट मला सर्वांत रंजक वाटते. डेनिस पार्सन्स नावाच्या इंग्रज गृहस्थांनी 1975 साली सुरावटींचा एक कोश काढला. त्यात स्वरलिपी लागत नाही. प्रत्येक सूर आधीच्यापेक्षा वर गेला, खाली आला की तोच राहिला, एवढंच लिहायचं. ट्विंकल ट्विंकल घ्या : सा सा प प ध ध प, म म ग ग रे रे सा. वरला 'व', खालीला 'ख' आणि तोच सूर असेल तर 'त' म्हटलं तर ती अशी दिसते :

त व त व त ख ख त ख त ख त ख

माणूस बेसूर गायला, चुकीच्या पट्टीत गायला, तरी हा आराखडा सहसा टिकतो. ऐकणाऱ्याची स्मृतीही आधी हाच चढउतार पकडते, दोन सुरांमधलं नेमकं अंतर नंतर पक्कं होतं. म्हणून अर्धवट आठवणाऱ्यांसाठी ही पद्धत अगदी योग्य आहे.

तिची मर्यादा मात्र आकड्यांत आहे. 'ओ-ई-ये, ओ-ई-यो' ही 6 अक्षरं धरली तर त्यांच्यामध्ये 5 पावलं. प्रत्येक पावलाला 3 शक्यता, म्हणजे एकूण 243 आराखडे. जगातली सगळी गाणी या 243 कप्प्यांत बसवायची म्हटलं तर एकेका कप्प्यात हजारो येतील. तेच 12 पावलं मिळाली तर आराखडे 5,31,441 होतात. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठातल्या संशोधकांनी 1995 साली गुणगुणून गाणं शोधणारी एक प्रणाली बनवली, तेव्हा त्यांच्या 183 गाण्यांच्या संग्रहातली 90 टक्के गाणी वेगळी ओळखायला 10 ते 12 पावलं पुरली होती. संग्रह लहान होता हे ध्यानात ठेवावं. तरी धडा सरळ आहे : शब्द आठवत नसले तरी गात राहावं, बारा-तेरा सूर तरी हाती यावेत.

आणि तोंड मिटून गुणगुणण्यापेक्षा 'ता-ता-ता' म्हणावं. न्यूझीलंडच्या वायकाटो विद्यापीठातली 1990च्या दशकातली प्रणाली गाणाऱ्याकडून 'ता' किंवा 'दा'च मागायची. 'त'च्या क्षणी आवाज क्षणभर तुटतो, त्यामुळे एक सूर संपून दुसरा कुठे सुरू झाला हे यंत्राला कळतं. मिटल्या तोंडाने दोन सारखे सूर एकाला एक चिकटून एकच लांब सूर होतो आणि आराखड्यातला 'त' गळून जातो.

फोनवरची सगळी गाणी-ओळख साधनं मात्र एकसारखी नाहीत. शाझामचा मूळ मार्ग ध्वनिमुद्रणाचा ठसा जुळवण्याचा. त्याला तेच मुद्रण वाजलेलं लागतं, आपलं गुणगुणणं त्याच्या कामाचं नाही. गूगलने 2020 साली आणलेली गुणगुणून शोधण्याची सोय सुरावटीचा आकार जुळवते. डब केलेल्या कार्टूनसाठी दुसरा मार्गच बरा, कारण डबिंगमध्ये शब्द बदलतात, चाल बहुधा तीच राहते. 

मग शोध घ्यायचा तो असा. शोधखिडकीत विचित्र दृश्यं लिहायची : अस्वल, मालवाहू विमान, ढगांवर घसरणारा मुलगा. 'मोगली' आणि 'जंगल बुक' हे शब्द मुद्दाम वगळायचे, नाहीतर त्या मालिकेचीच पानं समोर येत राहतील. मालिकेचं नाव मिळालं की शीर्षकगीत मिळतंच. अक्षरं आणि सूर शोधण्यापेक्षा सापडलेलं तपासायला जास्त उपयोगी पडतात.

ही तपासणी नीट करावी लागते. आठवणं कठीण आणि ओळखणं सोपं असतं, त्यामुळे उमेदवार गाणं वाजलं की "हेच ते!" असं चटकन वाटतं. पण त्या काळातली दुसरी मालिकाही तितकीच ओळखीची वाटू शकते. शिवाय एकदा ऐकलं की नवीन ऐकणं जुन्या आठवणीत मिसळतं, आणि मग मागे फिरता येत नाही. म्हणून वाजवण्याआधी कागदावर लिहून ठेवावं : बोल एकाने गायले की अनेकांनी, यमक कुठल्या आवाजावर संपतं, सुरुवातीचे बोल गाण्याच्या मध्ये पुन्हा येतात का, वेग कसा. मग ऐकावं. प्रश्नात न सांगितलेलं एखादं लक्षण जुळलं तर ती खरी खूण.

ओळख किती खोल असते याचा एक सुरेख प्रयोग टीव्हीच्या शीर्षकसंगीतावरच झाला आहे. कॅनडात ग्लेन शेलेनबर्ग आणि सँड्रा ट्रेहब यांनी 2003 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात विद्यार्थ्यांना ओळखीच्या मालिकांचं संगीत दोनदा ऐकवलं, एकदा मूळ पट्टीत आणि एकदा थोडं वर किंवा खाली सरकवून. मूळ कोणतं ते सांगायचं होतं. दोन अर्धस्वर सरकवलं तेव्हा सुमारे 70 टक्के वेळा उत्तर बरोबर आलं, एकच अर्धस्वर सरकवलं तेव्हा सुमारे 58 टक्के. नुसत्या अंदाजाने 50 टक्के आले असते. संगीत न शिकलेल्या माणसाच्या मनातही पट्टीची खूण राहते, पण अंधूक. त्यामुळे इंटरनेटवर सापडलेलं गाणं सगळं जुळूनही 'काहीतरी वेगळं' वाटलं, तर लगेच बाद करू नये. अशा चित्रफितींचा वेग आणि पट्टी पुष्कळदा बदललेली असते. त्याच गीताचं दुसरं मुद्रण शोधून पाहावं, आणि मग कागदावरच्या खुणा पुन्हा पडताळाव्यात.