लाल ढोकळा आणि निर्दोष हळद

गेल्या महिन्यात वसमतहून ताईचा फोन आला. आवाज चिंतेतला. "अरे, हळदीत काय मिसळायलेत कोणास ठाऊक. ढोकळा लालभडक झालाय." पाठोपाठ एक फोटो आला आणि त्याच्या खाली कुणीतरी पुढे ढकललेला तो जुनाच निरोप: 'हळद सोड्याने लाल झाली तर समजा, भेसळ आहे.'

फोटोतला ढोकळा खरोखर विटकरी होता. मधेमधे गडद, जवळजवळ कुंकवासारखे डाग, आणि मध्यभागी खड्डा पडलेला. मी तेव्हा परभणीत होतो, अंतर फार नाही. दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसने गेलो. फोनवर हे समजावता आलं असतं, पण खरं सांगायचं तर तो ढोकळा मला हाताळायचा होता.

झालं होतं असं. ताईचा हात मुरगळल्याने पट्ट्यात होता. पुण्याहून आठ दिवसांच्या सुट्टीवर आलेल्या भाच्याने जाहीर केलं की आता आई-बाबांचं खाणं तोच करणार. वरण-भात, पिठलं इथपर्यंत सगळं सुरळीत चाललं. चौथ्या दिवशी त्याने मोबाइलवर पाककृती उघडून ढोकळा करायला घेतला. पाककृतीत लिंबाचा रस १ `tbsp`, सोडा १ `tsp` आणि हळद अर्धा `tsp` असं होतं. भाच्याने `tsp` म्हणजे टेबलस्पून असं वाचलं. त्यातली 'टी', 'एस', 'पी' ही अक्षरं टेबलस्पूनचीच, असा त्याचा तर्क. मधलं 'बी' त्याला छपाईतली गडबड वाटली. म्हणून तिन्ही जिन्नस एकाच मोठ्या चमच्याने गेले. मीठ-साखर मात्र ताईने डाव्या हाताने, सवयीच्या अंदाजाने टाकली, म्हणून ती बरोबर होती.

टीस्पून म्हणजे ५ मिलिलिटर आणि टेबलस्पून म्हणजे १५. लिंबू बरोबर पडलं, सोडा आणि हळद तिप्पट. सोड्याचा एक टीस्पून साधारण ५ ग्रॅम भरतो, म्हणजे ढोकळ्यात गेला १५ ग्रॅम. आता ढोकळ्यातला सोडा करतो काय? तो आम्लाला भेटला की कार्बन डायऑक्साइड सोडतो, त्या वायूने पीठ फुगतं आणि सोडा संपतो. खरा प्रश्न 'संपतो' या शब्दाचा आहे. सोडा संपवायला आम्ल किती होतं?

लिंबाच्या रसात सायट्रिक आम्ल साधारण पाच-सहा टक्के असतं. एका टेबलस्पून रसात ते पाऊण ग्रॅमच्या आसपास येतं आणि जेमतेम एक ग्रॅम सोडा संपवू शकतं. पाककृतीतलं कपभर आंबट दही आणखी दीडेक ग्रॅम संपवेल. बेसनातली प्रथिनंही थोडा पचवतात. म्हणजे पाककृतीतल्या पाच ग्रॅमपैकी बराचसा खपला असता, आणि उरलेला जिभेला कळलाही नसता. पण पंधरातले दहा-बारा ग्रॅम तसेच राहिले. आता त्यांचं पुढे काय झालं, हा या सगळ्या प्रकरणातला माझा लाडका भाग आहे.

मी भाच्याला एकच गोष्ट विचारली. "कुकरमध्ये ठेवताना पीठ लाल होतं का?"

तो म्हणाला, "नाही मामा. जरा नारिंगी होतं. पण हळद जास्त पडली म्हणून असेल असं वाटलं. झाकण काढलं तर हे."

हेच अपेक्षित होतं. खाण्याचा सोडा आम्लारी आहे, पण अगदी मवाळ. त्याच्या पाण्याचा सामू साधारण ८.३ असतो, म्हणजे सातच्या तटस्थ रेषेच्या जरासा वर. हळद रंग बदलते ती साधारण साडेसात ते साडेआठच्या दरम्यान. त्यामुळे नुसत्या खाण्याच्या सोड्याने ती उंबरठ्यावरच घुटमळते आणि नारिंगी दिसते. पण हाच सोडा तापला की मोडतो. त्याच्या दोन रेणूंमधून एक पाण्याचा रेणू आणि एक कार्बन डायऑक्साइडचा बाहेर पडतो, आणि मागे उरतं सोडियम कार्बोनेट:

2NaHCO3 → Na2CO3 + H2O + CO2

सोडियम कार्बोनेट म्हणजे आपला धुण्याचा सोडा. त्याच्या पाण्याचा सामू अकराच्या घरात जातो. म्हणजे भाच्याने पातेल्यात खाण्याचा सोडा घातला, आणि पंधरा मिनिटांच्या वाफेने त्यातल्या बऱ्याच भागाचा धुण्याचा सोडा करून दिला. पहिला घास घेताच दाजी म्हणाले होते, "साबण खाल्ल्यासारखं लागायलंय." जीभ अगदी बरोबर होती.

हळदीकडे येऊ. तिचा पिवळेपणा मुख्यतः कर्क्युमिनचा. या रेणूच्या दोन टोकांना दोन कडी आहेत, आणि त्यांना जोडणारी कार्बनची साखळी. साखळीत एकेरी आणि दुहेरी बंध आलटून पालटून येतात, त्यामुळे तिथले इलेक्ट्रॉन एका अणूला चिकटून बसत नाहीत, ते साखळीभर पसरलेले असतात. असे पसरलेले इलेक्ट्रॉन प्रकाश शोषतात. साध्या कर्क्युमिनला हवा असतो निळा-जांभळा प्रकाश. पांढऱ्या उजेडातून तेवढा काढून घेतला की डोळ्यांपर्यंत पोचतो तो पिवळा. आता टोकांच्या कड्यांवर एकेक हायड्रॉक्सिल गट असतो. आम्लारी तिथला हायड्रोजन, इलेक्ट्रॉन मागे ठेवून, ओढून नेतं. मागे राहिलेला ऋण भार साखळीत पसरतो, इलेक्ट्रॉन आणखी सैल होतात, आणि त्यांना हलवायला कमी ऊर्जेचा प्रकाश पुरतो. म्हणजे शोषण निळ्याकडून हिरव्याकडे सरकतं. हिरवा गेला की उरतो लाल. हळदीत काही मिसळलं नाही, काही नासलं नाही. एक हायड्रोजन निघाला, एवढंच. तो परत दिला की पिवळा परत.

शाळेत लिटमसबरोबर हळदीची पट्टीही केली असेल, तीच ही. पांढऱ्या शर्टावरचा वरणाचा डाग साबण लागताच लाल होतो आणि खळबळून धुतला की पुन्हा पिवळा, तेही हेच. आणि कोणी बाबा हळदीच्या पाण्यात चुना लावलेली बोटं बुडवून 'करणीचं रक्त' काढून दाखवतो, तेव्हा त्याच्या अंगात काही आलेलं नसतं, त्या हायड्रोजनची ये-जा चालू असते. त्याच्या रक्तावर लिंबू पिळायला मागा. देणार नाही.

ओट्यावर आम्ही प्रयोग मांडला. ढोकळ्याचा एक तुकडा बशीत घेऊन त्यावर लिंबू पिळलं. दोन गोष्टी एकदमच झाल्या: रस पडला तिथे लाल रंग पुसल्यासारखा जाऊन पिवळा आला, आणि तुकडा फसफसला. ही फसफस महत्त्वाची. शिजलेल्या ढोकळ्यातून वायू निघतो याचा अर्थ आत सोडा शिल्लक आहे. हळद न घातलेल्या इडलीत किंवा केकमध्ये रंग काही सांगणार नाही, पण लिंबाचा थेंब सांगेल.

मग वाफेचा मुद्दा. वहीच्या कोऱ्या कागदाला ओली हळद चोळून पट्ट्या वाळवल्या. एका वाटीत सोड्याचं साधं पाणी, दुसऱ्यात तेच पाणी दहा मिनिटं खळखळ उकळून गार केलेलं. पहिल्या वाटीत पट्टी जरा नारिंगली. दुसरीत बुडवताक्षणी वीटरंगी झाली. ताई हात गळ्यात अडकवून बघत होती. म्हणाली, "म्हणजे चूक कुकरची?" नाही, कुकरने फक्त चूक उघडी केली.

डागांचं कारण वेगळं. पीठ घट्ट असतं, बेसन पाणी धरून ठेवतं, आणि शेवटी वरून टाकलेला पंधरा ग्रॅम सोडा नीट विरघळत नाही. जिथे खडा राहिला तिथे कुंकू. खड्डा पडला तो वायूमुळे: बुडबुडे भराभर झाले, एकमेकांत मिसळून मोठे झाले, आणि बेसन शिजून घट्ट व्हायच्या आत फुटले. हाच ढोकळा संध्याकाळी तपकिरी दिसायला लागला, कारण आम्लारीत कर्क्युमिन हळूहळू तुटतं. तेवढा भाग मात्र लिंबानेही परत येत नाही.

हळदीची निर्दोषता मला सिद्ध करायची होतीच, कारण ती ताईच्याच शेतातली, घरी उकडून वाळवलेली. वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालंय, आणि तिच्याच गावात तिच्यावर भेसळीचा आळ! उकळलेल्या सोड्याने शुद्ध हळद लाल होणारच, न झाली तर शंका घ्यावी. मेटॅनिल यलो या बंदी असलेल्या रंगाची खरी चाचणी उलट्या बाजूची आहे, ती तीव्र हायड्रोक्लोरिक आम्लाने करतात आणि ती प्रयोगशाळेचीच. घरी करायची तर पेलाभर पाण्यात चमचाभर हळद टाकून न ढवळता ठेवायची. शुद्ध हळद खाली बसताना पाणी फिकट पिवळं राहतं, रंग मिसळलेली असेल तर पाणी गडद होतं. आमचं फिकट राहिलं.

एक हिशेब मात्र मी दाजींसमोर मुद्दाम केला, कारण त्यांना रक्तदाबाची गोळी चालू आहे. सोड्यात वजनाच्या २७ टक्के सोडियम असतं. पंधरा ग्रॅममध्ये ते चार ग्रॅम झालं, तेही मीठ सोडून. प्रौढ माणसाने दिवसाला दोन ग्रॅमच्या आत राहावं असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. दाजींनी एकच घास घेतला होता, त्यामुळे काळजी नव्हती. पण ॲसिडिटी झाली की सोड्याचा चमचा पाण्यात ढवळून पिण्याची त्यांची सवय आहे, ती त्या दिवशी चर्चेला आली. ते गप्प बसले.

ढोकळा वाचला असता का? कुकरमध्ये जायच्या आधी लक्षात आलं असतं तर एकच उपाय होता, पीठ तिप्पट करणं. लिंबू पिळत बसलो असतो तर दहा-बारा टेबलस्पून रस लागला असता आणि ढोकळ्याचं लोणचं झालं असतं.

संध्याकाळी भाच्याने दाजींच्या खोकल्याच्या औषधाची मापाची टोपी शोधून काढली. तिच्यावर ५, १० आणि १५ मिलिलिटरच्या रेघा होत्या. घरातले सगळे चमचे ओट्यावर ओळीने लागले आणि तो एकेकात पाणी भरून टोपीत ओतू लागला. ज्याला तो टेबलस्पून समजला होता तो भाजीचा चमचा १५च्या रेघेला जवळजवळ टेकला. चहाचा चमचा चारच्या आसपास थांबला. मग ताईने मिसळणाच्या डब्यातला तिचा चमचा पुढे केला, कडा झिजलेला, तिच्या सासूबाईंच्या वेळचा. तो जेमतेम तीन भरला.

"म्हणजे तीस वर्षं मी कमीच सोडा घालायलेय?" ताई म्हणाली.

दाजी म्हणाले, "म्हणूनच तुझा ढोकळा बसतो."