पहार आणि कात्री: टेकू कुठे लावायचा ते आधी बघा

आमच्याकडून पहार नेणारे बरेच जण विचारतात की अजून जड, जाड पहार मिळेल का, दगड हलत नाहीये. बहुतेक वेळा पहार ठीकच असते, टेकू चुकलेला असतो.

पहार म्हणजे तरफ. टेकूपासून तुमच्या हातापर्यंतचं अंतर टेकूपासून दगडापर्यंतच्या अंतराच्या जितके पट, तितके पट तुमचा जोर वाढतो. समजा दगड २८० किलोचा आहे. तो अख्खा उचलायचा नाहीये, एकच कड वर करायचीय, दुसरी कड जमिनीवरच राहते, म्हणून पहारीच्या टोकावर साधारण निम्मा म्हणजे १४० किलोच भार येतो. पहार १५० सेंमीची घ्या आणि टेकू टोकापासून १० सेंमीवर लावा, तुमच्या बाजूला १४० सेंमी उरतात, म्हणजे १४ पट, आणि फक्त १० किलोचा जोर पुरतो! तोच टेकू ३० सेंमीवर सरकला की ४ पटच, मग ३५ किलो लागतात, पहार तीच असली तरी.

अर्थात फुकट काही मिळत नाही. १४ पट जोर हवा तर हातही १४ पट जास्त फिरवावा लागतो, दगडाची कड ५ सेंमी वर यायला हात ७० सेंमी खाली जातो. म्हणून थोडं उचला, खाली लाकडाचा ठोकळा सरकवा, टेकू उंच करा आणि परत दाबा. बोटं दगडाखाली घालू नका, ठोकळा काठीने ढकला.

अजून एक, टेकूवर दगडाचा भार आणि तुमचा जोर दोन्ही येतात, वरच्या हिशोबात १५० किलो. माती मऊ असेल तर टेकूच खाली रुततो, तुम्ही दाबताय पण दगड जागचा हलत नाही. खाली जाड फळी टाका.

कात्रीत टेकूचं काम मधला खिळा करतो. मूठ खिळ्यापासून ८ सेंमीवर असेल आणि जाड पुठ्ठा खिळ्यापासून २ सेंमीवर धरला तर जोर ४ पट होतो, पण टोकाला, १२ सेंमीवर धरला तर हातातला जोरसुद्धा पूर्ण पोचत नाही. पत्रा कापायच्या कात्रीच्या मुठी लांब आणि पाती आखूड असतात त्या ह्याच्यामुळेच. कापड कापलं न जाता पात्यांमध्ये दुमडतंय? मग धार लावायला नेण्याआधी खिळा ढिला झालाय का बघा, कारण पाती एकमेकींपासून लांब गेली तर कितीही जोर लावा, कापलं जाणार नाही.

आणि पहारीला पाईप घालून ती लांब करू नका प्लीज. जोर वाढतो हे खरं, पण पहार सगळ्यात जास्त वाकते ती टेकूपाशी, आणि तिथे बाक आला किंवा बारीक चीर दिसली की ती पहार वापरणं बंद करा.