मूळचा मोघमपणा आणि अनुवादातला मोघमपणा

कोल्हापूरच्या एका वर्कशॉपमालकांनी मागे एक करारनामा माझ्याकडे आणला. लोखंडी पॅनेल बॉक्स बनवायचं काम, गिऱ्हाईक परराज्यातली एक कंपनी, बारा पानं इंग्रजी. बाकी सगळं बाजूला ठेवून त्यांनी पेमेंटच्या कलमावर बोट ठेवलं. ‘‘ताई, पैसं कधी येणार एवढंच सांगा. पुतण्यानं मराठी करून दिलंय, पण मला काय त्याचा अर्थ लागंना.’’

मूळ कलम दोन वाक्यांचं होतं. ‘द बायर शॅल पे ईच अनडिस्प्यूटेड इन्व्हॉइस विदिन थर्टी डेज ऑफ इट्स रिसीट. लेट पेमेंट शॅल बेअर इंटरेस्ट ॲट वन पॉइंट फाइव्ह पर्सेंट पर मंथ.’ पुतण्याने त्याचं केलं होतं: ‘खरेदीदार वाद नसलेल्या बिलाची रक्कम त्याच्या पावतीपासून ३० दिवसांनी देईल. उशीर झाल्यास १.५ टक्के व्याज दरमहा आकारले जाईल.’

वरवर वाचलं तर ठीक वाटतं. अर्थ लागत नव्हता याची कारणं मात्र दोन वेगळ्या जातींची होती, आणि नवखा अनुवादक नेमका त्यांचाच घोळ घालतो. काही मोघमपणा पुतण्याने आणला होता, काही इंग्रजीतच होता. पहिला आपण काढून टाकायचा असतो. दुसऱ्याला हात लावायचा नसतो, फक्त तो आहे हे सांगायचं असतं. ही अदलाबदल झाली की घोटाळा होतो: स्वतःची चूक ‘मूळच तसं आहे’ म्हणून राहून जाते, किंवा मुळातला प्रश्न अनुवादक आपल्याच मनाने सोडवून मोकळा होतो.

आधी पुतण्याच्या खात्यातलं बघू. ‘दिवसांनी’ आणि ‘दिवसांत’ यांत एका प्रत्ययाचा फरक आहे. ‘३० दिवसांत’ म्हणजे तिसाव्या दिवसापर्यंत कधीही. ‘३० दिवसांनी’ म्हणजे तीस दिवस उलटल्यावर, आणि त्यानंतर किती, ते गुलदस्त्यात. पहिल्यात मुदतीला शेवट आहे, दुसऱ्यात फक्त सुरुवात आहे. ‘पंधरा दिवसांनी या’ असं ऑफिसातला कारकून म्हणतो तेव्हा सोळाव्या दिवशी गेलो तरी तो आपल्याला उशीर झाला म्हणत नाही. इंग्रजीतल्या ‘विदिन’ला शेवट आहे, म्हणून इथे ‘दिवसांच्या आत’ हेच हवं.

‘पावती’ ही त्याहून मजेशीर चूक. ‘रिसीट’ शब्द दिसला की हात आपोआप ‘पावती’ लिहितो. पण इथे रिसीट म्हणजे बिल हातात पडणं, कागद नव्हे. पुतण्याचं वाक्य शब्दशः घेतलं तर पावतीपासून तीस दिवसांनी पैसे, आणि पावती तर पैसे मिळाल्यावर देतात! मालकांना अर्थ लागत नव्हता तो इथे.

तिसरी चूक मराठीच्या घडणीतच लपलेली आहे. ‘तो’ खरेदीदार आणि ‘ते’ बिल, पण प्रत्यय लागला की दोघांचंही ‘त्याच्या’ होतं. ‘त्याच्या पावतीपासून’ म्हणजे कोणाच्या? इंग्रजीत ‘इट्स’ म्हटल्यावर माणसाचा संशय येत नाही, मराठीत येतो. अशा वेळी सर्वनाम सोडून नाम पुन्हा लिहायचं. वाक्य जड होतं, होऊ द्यावं. करारात ‘बिल’ हा शब्द तीनदा आला म्हणून कोणी नाक मुरडत नाही.

व्याजाच्या वाक्यात शब्दांची जागा चुकली होती. ‘१.५ टक्के व्याज दरमहा आकारले जाईल’ यात ‘दरमहा’ हे दराला लागतं की आकारण्याला? दर महिन्याला दीड टक्का, की कुठलातरी दीड टक्का दर महिन्याला हिशेबात घ्यायचा? ‘दरमहा १.५ टक्के दराने’ असं लिहिलं की ‘दरमहा’ दराला चिकटतं. एका जुन्या मसुद्यात याच जागी ‘द.सा.द.शे.’ छापलेलं मी पाहिलंय. सवयीने बोटं वळली असणार, पण त्याने महिन्याचा दर वर्षाचा होतो, म्हणजे व्याज बारा पटीने कमी.

आता दुसरी जात. ‘अनडिस्प्यूटेड इन्व्हॉइस’ म्हणजे वाद नसलेलं बिल. समजा ४,००,००० रुपयांचं बिल आहे आणि कंपनी म्हणते, त्यातले ४०,००० रुपयांचे बॉक्स गंजलेले निघाले. मग पूर्ण बिल ‘वादातलं’ ठरून चारही लाख थांबतील, की ३,६०,००० वेळेवर येतील आणि फक्त ४०,००० अडकतील? मूळ कलम याचं उत्तर देत नाही. आणि नेमक्या याच जागी चांगलं मराठी लिहिणाऱ्याचा पाय घसरतो. ‘बिलातील वाद नसलेली रक्कम’ हे कानाला किती नीट लागतं! पण ते लिहिलं की प्रश्न पुरवठादाराच्या बाजूने सुटला, तोही अनुवादकाने सोडवला. उलट ‘ज्या बिलातील कोणत्याही रकमेबद्दल वाद नाही’ असं लिहिलं की कंपनीच्या बाजूने सुटला. दोन्ही वाक्यं मुळापेक्षा स्पष्ट आहेत, आणि म्हणूनच दोन्ही चूक. ‘वाद नसलेले प्रत्येक बिल’ हे मुळाइतकंच मोघम आहे. तेच ठेवायचं.

व्याज सरळ की चक्रवाढ, हेही मुळात नाही. चार लाख सहा महिने थकले तर सरळव्याज ३६,००० आणि महिन्याच्या चक्रवाढीने सुमारे ३७,३७७ होतं. फरक छोटा आहे, पण तो ठरवायचा अधिकार माझा नाही.

दिवसांची मोजणी या दोन्ही जातींच्या मधोमध बसते, म्हणून तिच्यावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवते. मराठीत ‘आजपासून पाच दिवस गोळ्या घ्या’ म्हटलं की आजचा दिवस धरतात. कायद्याची मोजणी साधारणपणे उलटी असते: १८९७ च्या जनरल क्लॉजेस ॲक्टमध्ये केंद्रीय कायद्यांसाठी असा नियम आहे की ‘फ्रॉम’ म्हटलं की पहिला दिवस सोडायचा, आणि करार वाचतानाही सहसा तोच रिवाज पाळला जातो. बिल ५ जूनला मिळालं असेल तर तो दिवस सोडून मुदत ५ जुलैला संपते, धरला तर ४ जुलैला. म्हणजे ‘मिळाल्यापासून’ लिहिलं की मराठी वाचकाच्या डोक्यात मुळात नसलेला एक कल तयार होतो. मी ‘मिळाल्याच्या तारखेनंतर’ लिहिते. काही अनुवादक ‘तारखेपासून’च ठेवतात आणि खाली टीप देतात. माझ्या मते टीप दोन्हीकडे हवीच.

एवढं करून झालेला मसुदा असा: ‘वाद नसलेले प्रत्येक बिल खरेदीदाराला मिळाल्याच्या तारखेनंतर ३० (तीस) दिवसांच्या आत खरेदीदार त्या बिलाची रक्कम देईल. मुदतीनंतर दिलेल्या रकमेवर दरमहा १.५ (दीड) टक्के दराने व्याज लागू होईल.’ ‘देईल’ऐवजी ‘देणे बंधनकारक राहील’ चालेल का, असं बरेचजण विचारतात. चालेल, पण मग बाराही पानांत प्रत्येक ‘शॅल’ला तेच हवं. एका कलमात ‘देईल’ आणि दुसऱ्यात ‘बंधनकारक’ असं झालं की वाचणाऱ्याला वाटतं, पहिलं थोडं ढिलं आहे. ‘मे’साठी मात्र ‘देऊ शकेल’ वेगळं राखून ठेवायचं.

मसुदा तपासायची माझी रीत साधी आहे. मूळ न वाचलेल्या माणसाला मराठी वाक्य द्यायचं आणि एक उदाहरण: बिल ५ जूनला मिळालं, शेवटची तारीख कोणती? ४० हजारांचा वाद आहे, किती पैसे येतील? पहिल्याला एकच उत्तर आलं पाहिजे. दुसऱ्याला तो अडखळला पाहिजे, कारण मूळही अडखळवतं. तो न अडखळता फाडकन उत्तर देऊ लागला तर आपण कुठेतरी जास्त बोललो आहोत.

मग तज्ज्ञ कधी गाठायचा? इथेही दोन माणसांची गल्लत होते, अनुवादक आणि वकील. वाक्य काय म्हणतं ते अनुवादक सांगतो, त्यातून तुमचं काय होतं ते वकील सांगतो. मराठी मजकूर फक्त समजून घ्यायला हवा असेल आणि सही इंग्रजीवर होणार असेल, तर पुतण्याचं काम नीट तपासून भागतं. मराठीवरही सही होणार असेल तर धंद्यातला अनुवादक हवा. शिवाय दोन भाषांत तफावत पडली तर कोणती ग्राह्य, याचं कलम करारात आहे का ते आधी बघायला हवं. नसेल तर तिथून पुढे वकील.

कोल्हापूरच्या प्रकरणात वकील लागले ते मात्र अनुवादाच्या पलीकडच्या कारणाने. मालकांचं युनिट ‘उद्यम’ या सरकारी नोंदणी पोर्टलवर लघुउद्योग म्हणून नोंदलेलं होतं. सूक्ष्म आणि लघु पुरवठादारांसाठी २००६ च्या एमएसएमईडी कायद्याचं कलम १५ म्हणतं की लेखी ठरलेली मुदतसुद्धा माल स्वीकारल्याच्या दिवसापासून ४५ दिवसांपेक्षा जास्त असू शकत नाही. पैसे थकले तर कलम १६ प्रमाणे बँक दराच्या तिप्पट, महिन्याच्या चक्रवाढीने व्याज लागतं. करार बिलापासून मोजतो, कायदा मालापासून. मी कागदावर तारखा मांडून दाखवल्या: माल २० मेला स्वीकारला, बिल ५ जूनला पोहोचलं, तर कराराची मुदत ५ जुलै आणि कायद्याची ४ जुलै. मालक म्हणाले, ‘‘मग ह्येच मराठीत घाला की.’’ घालता येत नाही. ते मुळात नाही, आणि कायदा त्यांना लागू होतो की नाही हे सांगणंही माझं काम नाही. मी मसुद्याच्या मागे वेगळ्या पानावर तीन टिपा लिहिल्या, वादातलं बिल, व्याजाचा प्रकार आणि दिवसांची मोजणी, आणि चौथी ओळ: ४५ दिवसांबद्दल वकिलांना विचारावं.

वकिलांनी त्या पानावरून कंपनीला मेल पाठवली. दोन आठवड्यांनी सुधारित इंग्रजी कलम आलं. त्यात ‘अनडिस्प्यूटेड इन्व्हॉइस’च्या जागी ‘अनडिस्प्यूटेड पोर्शन ऑफ ईच इन्व्हॉइस’ होतं आणि मुदत माल स्वीकारल्याच्या तारखेला जोडलेली होती. मग मी मराठीत ‘प्रत्येक बिलातील वाद नसलेली रक्कम’ असं लिहिलं.